पाळी कधी गेली? रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांच्या अभ्यासाला प्रस्तावना

रजोनिवृत्तीनंतर बाईला हार्मोन द्यावेत का, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: नको, कॅन्सर होतो. हे उत्तर पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. पण ते ज्या बायकांच्या अभ्यासातून निघाले त्या कोण होत्या, आणि आज ते ज्या बाईला ऐकवले जाते ती कोण आहे, हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या विषयात पाऊल पुढे पडत नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर असो, आरोग्यसेविका असो की जिची स्वतःची पाळी थांबत आली आहे अशी शिक्षिका असो, नव्याने येणाऱ्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी असे मला वाटते.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, हा विषय शिकायला फार योग्य जागा आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला पाटाचे पाणी, ऊस आणि साखर कारखाने. विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना इथेच प्रवरानगरला सुरू झाला. दक्षिण आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे कोरडे तालुके. तिथली जोडपी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हे तालुके बीड जिल्ह्याला खेटून आहेत. एकाच तऱ्हेची माणसे, एकाच तऱ्हेचे काम. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात, कोपीवर न्हाणी नाही, अंगावरून पांढरे जाते, आणि दवाखान्यात ‘पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. या सगळ्याचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो, तोही पुष्कळदा तिशीत.

त्या पाहणीवर वर्तमानपत्रांत खूप लिहून आले आणि ते आवश्यकच होते. सारी चर्चा मात्र शस्त्रक्रिया का झाली यावर थांबली. शस्त्रक्रियेनंतरच्या वीस वर्षांत त्या बाईच्या हाडांचे, हृदयाचे, झोपेचे काय होते आणि त्यावर काय करता येते, हा प्रश्न मागे राहिला. हार्मोन उपचारांच्या शास्त्राचा या जिल्ह्याशी सर्वांत जवळचा संबंध इथे येतो, म्हणून या प्रस्तावनेत मी त्याच बाईला मध्यभागी ठेवणार आहे.

आधी शरीरात घडते काय ते पाहू. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयांत इस्ट्रोजेन तयार होते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत ते काही वर्षांत, चढउतार होत, ओसरते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत साधारण ५१ व्या. पाळी चालू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेत काढली, तर तेच इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत तळाला जाते. शरीराला सवय व्हायला अवधीच मिळत नाही. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, छातीत धडधडते, योनीमार्ग कोरडा पडून संबंधांच्या वेळी दुखते, लघवीला जळजळते. हे बाईला कळते तरी. हाडांची झीज मात्र कळत नाही, ती मोडल्यावर कळते. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले.

नुसती पिशवी काढली आणि अंडाशये ठेवली, तर ती काम करत राहतात, पण त्यांचे काम सरासरी काही वर्षे लवकर थांबते. इथे वेगळीच अडचण आहे. पिशवी नाही म्हणजे पाळी नाही, आणि पाळी नाही म्हणजे अंडाशये कधी थांबली हे कळायला खूणच नाही. त्या बाईला पाळी कधी गेली असे विचारले तर ती ऑपरेशनची तारीख सांगेल. ते उत्तर बरोबर असेल किंवा दहा वर्षांनी चुकलेले असेल.

आता त्या भीतीकडे वळू. अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग सुरू केला. ५० ते ७९ वयाच्या निरोगी स्त्रियांना हार्मोन दिले तर हृदयविकार टळतो का, हे त्यांना तपासायचे होते. गरम वाफांवर औषध चालते का हे तपासण्यासाठी तो प्रयोग नव्हता, ते आधीच माहीत होते. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटून गेली होती. ज्यांना गर्भाशय होते त्यांना गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अशी एकत्र गोळी दिली. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष ती गोळी घेतली तर न घेणाऱ्या दहा हजारांच्या तुलनेत स्तनाच्या कर्करोगाच्या ८ केसेस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, फुफ्फुसात गुठळी अडकण्याच्या ८ जास्त आणि हृदयविकाराच्या ७ जास्त. उलट बाजूला खुब्याचे हाड मोडण्याच्या ५ कमी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ कमी.

जगभर मथळे झाले ते पहिल्या आकड्यांचे, तेही टक्केवारीत. कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो असे वाचले की पोटात गोळा येतो. दहा हजारांत आठ, असे वाचले की माणूस विचार करू लागतो. दोन्ही आकडे एकाच निष्कर्षाचे आहेत. या विषयातल्या कोणत्याही लेखाकडे वाचकाने पहिली मागणी करावी ती हीच: वाढ किती पट झाली एवढे सांगू नका, किती बायकांमागे किती जणी, ते सांगा.

त्याच प्रयोगाची दुसरी शाखा ज्यांचे गर्भाशय काढलेले होते अशा १०,७३९ स्त्रियांची होती. त्यांना नुसते इस्ट्रोजेन दिले. ती शाखा २००४ मध्ये पक्षाघाताच्या वाढीमुळे थांबवली. पण तिच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता, उलट थोडा कमीच दिसत होता. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२० मध्ये, तो खरोखरच कमी आढळला आणि त्या रोगाने होणारे मृत्यूही कमी आढळले. म्हणजे ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ हे वाक्य ज्या शाखेतून आले ती गर्भाशय असलेल्या, दोन औषधे घेणाऱ्या, साठीच्या आसपासच्या स्त्रियांची होती. पिशवी काढलेल्या पाथर्डीच्या बाईला तेच वाक्य ऐकवणे म्हणजे भलत्याच बाईचा रिपोर्ट तिच्या हातात देणे आहे.

दोन औषधे लागतात तरी का? गर्भाशय असलेल्या बाईला एकटे इस्ट्रोजेन दिले तर आतले अस्तर जाड होत जाते आणि त्याचा कर्करोग होऊ शकतो. हे १९७५ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून अस्तराच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध जोडले जाते. गर्भाशय नसेल तर त्याची गरज नाही. एक अपवाद लक्षात ठेवावा. काही शस्त्रक्रियांत गर्भाशयाचे तोंड मागे ठेवतात आणि त्याबरोबर थोडे अस्तरही राहू शकते. ज्यांना एंडोमेट्रिओसिस होता त्यांच्या पोटातही तसे तुकडे राहतात. म्हणून ऑपरेशन झाले एवढे कळून पुरत नाही, काय काढले आणि कशासाठी काढले तेही कळावे लागते.

पुढच्या वर्षांत संशोधकांनी २००२ चे आकडे वयानुसार वेगळे करून पाहिले, तेव्हा चित्र बदलले. पन्नाशीतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांत हृदयविकाराची वाढ दिसत नव्हती. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या पन्नाशीतल्या स्त्रियांत तर झटके कमी होते. सत्तरीत चित्र उलटे होते. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड होडिस यांच्या गटाने हीच शंका समोर ठेवून प्रयोग आखला. पाळी जाऊन सहा वर्षे न झालेल्या आणि दहा किंवा जास्त वर्षे झालेल्या अशा दोन गटांना एस्ट्राडिऑल दिले आणि मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी मोजत राहिले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: लवकर सुरू केलेल्या गटात जाडी सावकाश वाढली, उशिराच्या गटात काहीच फरक पडला नाही. धमनी निरोगी असेल तोवर इस्ट्रोजेन तिला लवचीक ठेवते, आत चरबीचे थर साचून घट्ट झाले की त्याचा उपयोग सरतो आणि ते थर फुटण्याचा धोकाही वाढू शकतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. यावरून हृदयविकार टाळण्यासाठी म्हणून हार्मोन घ्यावेत असा निष्कर्ष मात्र निघत नाही, आणि जाणकार मार्गदर्शक सूचना तसे सांगतही नाहीत. निष्कर्ष एवढाच निघतो की वाफा, झोपमोड किंवा हाडे यांसाठी औषध द्यायचे असेल तर साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केलेले बरे. अमेरिकेत २००३ पासून या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीत धोक्याची सूचना छापली जात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी ती काढण्याचा निर्णय जाहीर केला, गर्भाशय असताना एकटे इस्ट्रोजेन घेण्याविषयीचा इशारा मात्र ठेवला. वीस वर्षांनी वयाचा हिशेब कागदावर आला तो असा.

गुठळीचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो, कारण तिथे औषध शरीरात कोणत्या वाटेने जाते याला फार महत्त्व आहे. गोळी पोटातून आधी यकृतात जाते. इस्ट्रोजेनचा एवढा मोठा घास मिळाला की यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त तयार करते. जेल किंवा पट्टीतून कातडीवाटे गेलेले एस्ट्राडिऑल सरळ रक्तात मिसळते आणि यकृताला तो झटका बसत नाही. त्या अमेरिकन प्रयोगात गोळी घेणाऱ्या हजार स्त्रियांमागे वर्षाला ३.५ जणींना पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली, न घेणाऱ्यांत १.७ जणींना. म्हणजे दुप्पट. पण ही दुप्पट मूळ धोक्याची असते, आणि मूळ धोका वयाबरोबर वाढतो. गोळी न घेणाऱ्या पन्नाशीतल्या बाईशी तुलना केली तर गोळी घेणाऱ्या सत्तरीतल्या बाईचा धोका सात पटींहून जास्त निघाला. कातडीवाटे दिलेल्या औषधाचे आकडे फ्रान्समध्ये आणि नंतर ब्रिटनमध्ये मोठ्या निरीक्षणांतून आले, त्यांत ही वाढ दिसली नाही. ज्या बाईला आधी गुठळी झाली आहे, जिचे वजन फार आहे, जिचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तिच्या बाबतीत गोळी आणि जेल यांतली निवड म्हणूनच महत्त्वाची ठरते.

स्तनाच्या कर्करोगाकडे आले की वर सांगितलेला सोयीचा नियम चालत नाही, आणि हे वाचकापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. हृदय आणि गुठळी यांच्या बाबतीत लवकर सुरू करणे फायद्याचे. स्तनाच्या बाबतीत तसे नाही. तिथे किती वर्षे घेतले आणि त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध रोज होते का, यावर सारे ठरते; पाळी गेल्यागेल्या सुरू केल्याने धोका कमी होत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जगभरातले अभ्यास एकत्र केले. पाश्चात्त्य देशांतल्या शंभर स्त्रियांनी हार्मोन घेतलेच नाहीत तर ५० ते ६९ या वयात त्यांतल्या साधारण सहा जणींना स्तनाचा कर्करोग होतो. पन्नासाव्या वर्षापासून पाच वर्षे दोन्ही औषधे रोज घेतली तर तो आठ जणींना होतो. नुसते इस्ट्रोजेन घेतले तर वाढ दोनशे जणींमागे एक. या शेवटच्या आकड्याचा अमेरिकन प्रयोगातल्या घटीशी मेळ बसत नाही. एक प्रयोग होता, दुसरे निरीक्षण. औषधे वेगळी, स्त्रियांची वजने वेगळी. तज्ज्ञांत यावर अजून वाद आहे. दोन्ही मान्य केले तरी एवढे ठरते की एकट्या इस्ट्रोजेनचा स्तनावरचा परिणाम लहान आहे, मग तो कोणत्याही दिशेने असो.

आता हे सारे एका बाईवर लावून पाहू. ही बाई मी कल्पिलेली आहे, पण तिची प्रत्येक अडचण या भागात काम करणाऱ्याच्या ओळखीची असेल. समजा ती पाथर्डी तालुक्यातली, छत्तीस वर्षांची, एकतिसाव्या वर्षी पिशवी काढलेली. कंबर आणि सांधे दुखतात, रात्री घाम फुटतो, चिडचिड होते, नवऱ्याजवळ जाणे नको वाटते. गावात तिला सांगितले आहे की पिशवी काढली की असे व्हायचेच.

पहिले काम कागद शोधण्याचे. डिस्चार्ज कार्डावर ‘टीएएच’ एवढेच असेल तर पोटावाटे गर्भाशय काढले. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयेही गेली. कागद हरवला असेल, आणि तो बहुधा हरवलेला असतो, तर सोनोग्राफीत अंडाशये दिसतात का ते पाहावे आणि रक्तात एफएसएच तपासावे. ते रजोनिवृत्तीच्या पातळीला गेलेले असेल आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तसेच आले, तर अंडाशये नाहीत किंवा असून थांबली आहेत. उपचारांच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एक. एफएसएच साधारण असेल तर वाफांचे आणि थकव्याचे कारण दुसरीकडे शोधावे. रक्तक्षय आणि थायरॉइड आधी. सांधेदुखी दिसली की हार्मोन, असे करू नये. मोळ्या उचलणाऱ्या बाईची कंबर मोळ्यांनीही दुखते.

समजा दोन्ही अंडाशये काढलेली निघाली. मग हार्मोन का देऊ नयेत हे तपासायचे: स्तनाचा कर्करोग झालेला आहे का, पूर्वी गुठळी किंवा पक्षाघात झाला आहे का, यकृताचा चालू आजार आहे का, पिशवी कर्करोगासाठी काढली होती का. रक्तदाब मोजावा, स्तन हाताने तपासावेत, घरात आई-बहिणीला काय झाले ते विचारावे. यातले काही नसेल तर प्रश्न उलटा होतो: का द्यायचे, असे विचारण्याऐवजी का रोखायचे, असे विचारावे लागते. या वयात तिच्या अंगात इस्ट्रोजेन असायलाच हवे होते. ते नैसर्गिक वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत परत देणे म्हणजे वरचे काही भरणे नव्हे, काढून घेतलेले परत करणे आहे. तिच्या वयाच्या इतर बायकांच्या स्तनांना जेवढे इस्ट्रोजेन मिळते आहे, तेवढेच तिच्याही स्तनांना मिळेल. म्हणून पन्नाशीनंतर सुरू केलेल्या औषधाचे कर्करोगाचे कोष्टक तिला लागू होत नाही. साठीच्या बाईला द्यायचा अगदी लहान डोसही तिला पुरत नाही. बहुतेक वेळा एस्ट्राडिऑलची २ मिलिग्रॅमची रोजची गोळी किंवा त्या तोडीचे जेल लागते, आणि प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

गोळी की जेल? पुस्तकात जेल सरस आहे. पण जेल अंघोळीनंतर कोरड्या कातडीवर लावायचे, वाळू द्यायचे, त्या जागी तान्ह्या मुलाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि ते गोळीपेक्षा महाग पडते. पहाटे अंधारात फडात जाणाऱ्या, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईला हे सहा महिने जमेल का? छत्तीस वर्षांच्या, सडपातळ, दिवसभर चालणाऱ्या बाईला गुठळीचा मूळ धोका हजारांत एकीपेक्षाही कमी असतो. तो दुप्पट झाला तरी लहानच राहतो. जेल आणून ते पेटीत पडून राहणार असेल, तर माझ्या मते तिला रोजची गोळी द्यावी. तिच्या ठिकाणी साठीची, वजनदार, मधुमेही बाई असती तर मी नेमके उलटे म्हटले असते. हाच विषय वयाप्रमाणे कसा फिरतो ते इथे दिसते.

गुठळीचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो, म्हणून तिला आणि नवऱ्याला दोन खुणा समजावून सांगाव्यात: एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक दम लागून छातीत कळ आली, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. सूज दोन्ही पायांना असेल आणि रात्रीतून उतरत असेल तर ती बहुधा गुठळी नसते. तीन महिन्यांनी पुन्हा भेटावे, असे पुस्तक सांगते. इथे ते तीन महिने ऊसतोडीत जातात आणि ती संगमनेरला किंवा कोल्हापूरकडे असते. म्हणून निघण्याआधी रक्तदाब पाहून हंगामभर पुरेल एवढे औषध द्यावे आणि औषधाचे नाव मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावे. औषध अधेमधे बंद पडले तर वाफा परत येतात आणि औषध चालत नाही असा समज होतो. गोळीबरोबर आहारात कॅल्शियम आणि पोटभर जेवण हेही लागते, पण त्यांनी इस्ट्रोजेनची जागा भरत नाही. निव्वळ कॅल्शियमच्या गोळ्या देऊन बोळवण होते ती थांबायला हवी.

पन्नाशी आली की हिशेब नव्याने मांडायचा. तिथून पुढे ती इतर बायकांच्या रांगेत येते आणि त्यांचे कोष्टक तिला लागू होते.

त्या रांगेतल्या बाईचे थोडक्यात सांगतो. श्रीरामपूरची एकोणपन्नास वर्षांची शिक्षिका, पाळी जाऊन वर्ष झालेले, गर्भाशय जागेवर, वर्गात वाफा येऊन घामाघूम होते, रात्री झोप नाही. तिला जेल आणि रात्री झोपताना १०० मिलिग्रॅम नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन देता येते. हे प्रोजेस्टेरॉन स्तनासाठी जुन्या कृत्रिम औषधांपेक्षा सौम्य असावे असे फ्रान्समधल्या निरीक्षणांवरून दिसते. पाच वर्षांनी शंभरात दोनची वाढ तिला समजावून सांगावी आणि ठरवणे तिच्यावर सोपवावे. काही बायका झोपेसाठी ती वाढ पत्करतील, काही नाही, आणि दोघीही बरोबर असतील. जिच्या आईला आणि बहिणीलाही स्तनाचा कर्करोग झाला आहे तिच्याशी हे बोलणे फार सावकाश करावे. याउलट, पाळी जाऊन सतरा वर्षे झालेल्या सहासष्टीच्या आजींना गुडघ्यांसाठी किंवा तारुण्यासाठी हार्मोनची गोळी नव्याने सुरू करू नये. त्यांना कोरडेपणाचा आणि वारंवार लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास असेल तर योनीमार्गात लावायचे अगदी कमी मात्रेचे इस्ट्रोजेन पुरते. ते रक्तात नावापुरतेच जाते, आणि वर सांगितलेले कोणतेही कोष्टक त्याला लावायचे कारण नाही. ही साधी क्रीम आजींपर्यंत पोचत नाही, कारण तिच्यावरही तीच भीती चिकटली आहे.

१९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, आजार ओळखू लागल्या. याच जिल्ह्यात हे घडले असल्याने मी विश्वासाने म्हणू शकतो की या विषयातला पहिला प्रश्न विचारायला डॉक्टर लागत नाही. “ताई, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का? कागद आहे का घरी?” एवढे आशाताईने पन्नाशीच्या आतल्या, पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईला विचारले, तर ज्या बायकांना उपचारांचा सर्वांत जास्त फायदा आणि सर्वांत कमी धोका आहे, त्यांची यादी एका हंगामाच्या आत तयार होईल.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी स्वीकाराव्यात असा आदेश दिला. त्याने पुढच्या शस्त्रक्रिया कमी होतील. झालेल्यांचे काम डॉक्टरांकडे उरते. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक शल्यचिकित्सकाला माझी विनंती आहे: पन्नाशीच्या आत पिशवी काढावी लागलीच तर निरोगी अंडाशये जागेवर ठेवा, काढावी लागली तर डिस्चार्ज कार्डावर तसे मराठीत लिहा, आणि ती बाई दवाखान्याचा उंबरठा ओलांडायच्या आत इस्ट्रोजेनविषयी तिच्याशी बोला.